फ्री ट्रायलला कार्ड देताना: नोंदणीपासून पहिल्या वसुलीपर्यंत काय घडतं आणि कुठे थांबवता येतं

फ्री ट्रायलच्या पानावर कार्डाची माहिती मागितली जाते, तेव्हा शेजारी बहुतेक वेळा एक दिलासा लिहिलेला असतो: आज तुमच्याकडून काहीही घेतलं जाणार नाही. हे वाक्य खरं असतं, पण ते फक्त आजबद्दल बोलतं. त्या पानावर तुम्ही कार्ड भरता आणि बटण दाबता, तेव्हा तुम्ही विक्रेत्याला ठरलेल्या दिवशी, तुम्हाला पुन्हा न विचारता पैसे घेण्याची कायमची परवानगी देता. ट्रायल संपताना तुम्ही काहीच केलं नाही, तर त्याचा अर्थ होकार धरला जातो. हे एकदा नीट समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं कारण आपोआप कळतं.

हे मार्गदर्शन पहिल्यांदाच कार्ड देऊन ट्रायल घेणाऱ्यांसाठी आहे. सेवा कोणतीही असो, व्हिडिओची, सॉफ्टवेअरची, साठवणुकीची की व्यायामाच्या ॲपची, आतली यंत्रणा जवळजवळ सारखीच असते.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- तुम्ही रोज उघडता तो ईमेल पत्ता. क्वचित पाहिला जाणारा पत्ता दिलात तर सूचना तिथेच पडून राहतात.
- व्यवहार होताच मेसेज येईल असं सूचना चालू असलेलं कार्ड.
- फोनचं कॅलेंडर, दोन आठवणी लावण्यासाठी.
- स्क्रीनशॉट ठेवायला एक फोल्डर. एका ट्रायलसाठी तीन चित्रं पुरतात: नोंदणीचं पान, रद्द केल्याचं पान आणि रद्द केल्यानंतरची खात्याची स्थिती.

## 1. बटणाच्या आसपासचा बारीक मजकूर वाचा

संपूर्ण अटी वाचायला कुणालाच वेळ नसतो, आणि या कामासाठी त्या सगळ्या वाचायची गरजही नाही. जे महत्त्वाचं आहे ते बहुधा "Start free trial" या बटणाच्या लगेच वर किंवा खाली, फिकट अक्षरात असतं. तिथे चार गोष्टी शोधा: ट्रायल कोणत्या तारखेला संपते, त्यानंतर किती रक्कम कापली जाईल, ती किती काळासाठी असेल आणि पैसे घेणारा नेमका कोण आहे.

यात सर्वात जास्त फसगत काळाच्या बाबतीत होते. पानावर मोठ्या अक्षरात महिन्याचा दर दिसतो, पण आधीच निवडून ठेवलेला पर्याय वार्षिक असतो. "दरमहा अमुक, वर्षाला एकदा आकारणी" अशा रचनेत पहिल्याच दिवशी बारा महिन्यांचे पैसे एकदम जातात. उलट बाजूला आठवड्याचे प्लॅन असतात. दर छोटा दिसतो, पण तो महिन्यातून चार-पाच वेळा कापला जातो. म्हणून दराचा आकडा पाहू नका, एका वेळी कापली जाणारी रक्कम आणि ती किती दिवसांनी पुन्हा कापली जाणार, हे दोन आकडे पाहा.

"फ्री" ऐवजी अगदी किरकोळ रकमेची ट्रायल असेल तर जास्त सावध राहा. तिथे पहिला व्यवहार खराखुरा झालेला असतो, म्हणून नंतरच्या मोठ्या रकमेकडे ग्राहकाचं लक्ष जात नाही. वस्तू घरी पाठवणाऱ्या ट्रायलमध्ये आणखी एक मुद्दा असतो: दिवस ऑर्डर केल्यापासून मोजतात की वस्तू हाती पडल्यापासून? ऑर्डरपासून मोजत असतील तर निम्मी ट्रायल वाहतुकीतच संपते.

हे पान बंद करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या. नंतर हेच पान उघडलं तर मजकूर बदललेला असू शकतो.

## 2. कार्ड भरल्यावर पडद्यामागे काय होतं ते समजून घ्या

नवख्या माणसाचा सर्वात मोठा गैरसमज इथे असतो. त्याला वाटतं, पैसे कापायला सीव्हीव्ही लागतो आणि ओटीपी लागतो, तेव्हा माझ्या नकळत कुणी काही घेऊ शकणार नाही. पहिल्या व्यवहाराबाबत हे बऱ्याच अंशी बरोबर आहे. पुढच्या व्यवहारांबाबत मात्र ते खरं नाही.

तुम्ही माहिती भरता तेव्हा विक्रेत्याची पेमेंट कंपनी तुमच्या बँकेला विचारते की हे कार्ड खरं आहे का, चालू आहे का. ही विचारणा शून्य रकमेची असते किंवा अगदी छोट्या रकमेची. छोटी रक्कम असेल तर ती स्टेटमेंटमध्ये काही दिवस "Pending" अशी दिसते आणि मग स्वतःहून नाहीशी होते, कारण ती कधी वसूल केलेलीच नसते, फक्त अडकवून ठेवलेली असते. ती नोंद नाहीशी होण्याऐवजी पक्की झाली, तर ती तपासणी नव्हती, पैसे खरोखर घेतले गेले आहेत, असं समजा आणि लगेच विचारणा करा.

याच वेळी अनेक बँका ओटीपी मागतात. तो ओटीपी आजच्या शून्य रकमेसाठी आहे असं वाटतं, पण त्याच होकारात पुढच्या आपोआप होणाऱ्या वसुलीची नोंदही बसते. ओटीपीच्या पानावर रक्कम शून्य दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

त्यानंतर कार्डाचा नंबर सहसा विक्रेत्याकडे राहत नाही. पेमेंट कंपनी तो स्वतःकडे ठेवते आणि त्याच्या जागी विक्रेत्याला एक टोकन देते. टोकन म्हणजे अर्थहीन दिसणारी अक्षरांची आणि अंकांची माळ. ती त्या विक्रेत्यापुरतीच चालते, त्यामुळे चोरीला गेली तरी दुसरीकडे वापरता येत नाही. पण मूळ विक्रेत्याला त्यावर पैसे मागता येतात. सीव्हीव्ही मात्र कुणीच साठवत नाही. कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांनुसार पहिला व्यवहार मंजूर झाल्यावर तो जपून ठेवायला मनाई आहे, गुप्त लिपीत घालूनसुद्धा.

मग नंतरची वसुली सीव्हीव्हीशिवाय कशी होते? व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्ड नेटवर्कच्या भाषेत व्यवहाराचे दोन प्रकार आहेत: ग्राहकाने सुरू केलेला आणि विक्रेत्याने सुरू केलेला. नोंदणी हा पहिला प्रकार. ट्रायल संपल्यावरची वसुली दुसरा. दुसऱ्या प्रकारात विक्रेता बँकेला सांगतो की या ग्राहकाने अमुक व्यवहारात आधीच संमती दिली आहे, आणि त्या मूळ व्यवहाराचा क्रमांक सोबत जोडतो. बँक तो जुना होकार ग्राह्य धरते. म्हणून त्या दिवशी ओटीपी येत नाही, फोनवर काही दाबावं लागत नाही, थेट पैसे गेल्याचा मेसेज येतो.

काही देशांत अशा वसुलीआधी बँकेने ग्राहकाला कळवायचा किंवा मोठ्या रकमेला पुन्हा मंजुरी घ्यायचा नियम आहे. तुमच्याकडे तो असेल तर बँकेच्या ॲपमध्ये तुम्ही दिलेल्या आपोआप वसुलीच्या परवानग्यांची यादीही सापडते. ती एकदा उघडून पाहा, विसरलेल्या दोन-तीन नोंदी तिथे हमखास निघतात.

## 3. ट्रायल संपण्याची वेळ नेमकी काढा

"14 दिवस" याचा अर्थ पंधराव्या दिवसाची सकाळ असा होत नाही. बिलिंग यंत्रणेत संपण्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते, आणि ती साधारणपणे नोंदणीच्या क्षणापासून मोजतात. शिवाय ती बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते, तुमच्या घड्याळाप्रमाणे नव्हे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा तुमचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या 5 तास पुढे आहे. 4 मार्चला रात्री जागून काम करताना पहाटे 2 वाजता तुम्ही एका सॉफ्टवेअरची 14 दिवसांची ट्रायल घेतली. यंत्रणेच्या लेखी ती वेळ 3 मार्च, रात्रीचे 9. ट्रायल तिथे 17 मार्चला रात्री 9 वाजता संपते, म्हणजे तुमच्याकडे 18 मार्चच्या पहाटे 2 वाजता.

आता तुमचा हिशेब पाहा. 4 तारखेला घेतली, अधिक 14, म्हणजे 18 तारीख. 18 ला सकाळी 10 वाजता निवांत बसून रद्द करू, असं तुम्ही ठरवता. सकाळी खातं उघडता तेव्हा ट्रायल संपून आठ तास झालेले असतात. काही बिलिंग यंत्रणा बिल तयार केल्यावर तासभर ते मसुद्यासारखं ठेवतात आणि मग वसुली करतात, पण तो तासही पहाटे 3 ला संपलेला असतो. नोंदणीच्या वेळी वार्षिक पर्याय तसाच ठेवला असेल तर एव्हाना पूर्ण वर्षाचे पैसे गेलेले असतात. नियम कुणीही मोडलेला नाही, फक्त तारखेचा हिशेब चुकला.

फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलेल्या ट्रायलमध्ये सीमा आणखी अलीकडे येते. ॲपलच्या सूचनेनुसार ट्रायल संपण्याच्या किमान 24 तास आधी रद्द करावं लागतं, कारण नूतनीकरणाची प्रक्रिया त्या शेवटच्या दिवसात सुरू होऊ शकते. वरच्या उदाहरणातली ट्रायल तिथे घेतली असती, तर शेवटची सुरक्षित वेळ 17 मार्चच्या पहाटे 2 ची.

म्हणून दोन आठवणी लावा. पहिली, संपण्याच्या तीन दिवस आधी: सेवा ठेवायची की नाही याचा निर्णय घेण्यासाठी. दुसरी, दोन दिवस आधी: रद्द करण्यासाठी. आपल्या उदाहरणात त्या 15 आणि 16 मार्चला येतात. आठवणीच्या नावात सेवेचं नाव, कापली जाणारी रक्कम आणि कोणत्या ईमेलने खातं उघडलं ते लिहा. "ट्रायल" एवढंच लिहिलं तर आठवण वाजल्यावर कुठली ट्रायल, हेच शोधत बसाल.

विक्रेता आधी ईमेल पाठवेलच, यावर विसंबू नका. व्हिसाच्या 2020 पासूनच्या नियमांनुसार ट्रायलनंतरच्या वसुलीच्या किमान 7 दिवस आधी रद्द करण्याच्या लिंकसह आठवण पाठवणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पण ट्रायलच सात दिवसांची असेल तर सात दिवस आधी म्हणजे नोंदणीचाच दिवस. त्या दिवशी आलेला स्वागताचा ईमेल तुम्ही न वाचताच सरकवलेला असतो. मोठ्या मुदतीच्या ट्रायलमध्येही अशी पत्रं जाहिरातींच्या कप्प्यात जाऊन बसतात.

## 4. सबस्क्रिप्शन नेमकं कुणाकडे आहे ते शोधा

रद्द करायला गेलेल्या माणसाला बटणच सापडत नाही, याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे तो चुकीच्या दारात उभा असतो. एकाच सेवेची ट्रायल तीन वाटांनी घेता येते: सेवेच्या वेबसाइटवरून थेट, फोनच्या ॲप स्टोअरमधून, किंवा मोबाइल कंपनी वा दुसऱ्या एखाद्या सेवेच्या पॅकेजमधून. ज्या वाटेने घेतली त्याच वाटेने ती रद्द होते. स्टोअरमधून घेतलेली असेल तर मूळ सेवेच्या ग्राहक कक्षालाही ती बंद करता येत नाही, कारण कार्ड त्यांच्याकडे नसतंच.

ओळखायची सोपी खूण म्हणजे नोंदणीनंतर आलेली पावती. ती ॲपल किंवा गूगलकडून आली असेल तर रद्दही तिथेच होईल. आयफोनवर सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर जाऊन "Subscriptions" उघडा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर दाबून "Payments & subscriptions" आणि मग "Subscriptions" उघडा. यादी रिकामी दिसली तर घाबरू नका, आधी खातं तपासा. फोनमध्ये दोन ईमेल खाती असतील तर ट्रायल दुसऱ्या खात्यावर असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि ॲप फोनवरून काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. ॲप तुमच्या फोनमध्ये असतं, परवानगी बिलिंग यंत्रणेत असते. पहिलं पुसलं तरी दुसरीला काही होत नाही. उलट ॲप गेल्यामुळे नूतनीकरणाची सूचना दाखवायची जागाही जाते. वेबसाइटवरचं खातं डिलीट करण्याच्या बाबतीतही हीच काळजी घ्या. काही ठिकाणी खातं पुसल्यावर वसुली थांबते, काही ठिकाणी थांबत नाही, आणि मग रद्द करायला आत शिरण्याचा मार्गच उरत नाही. आधी रद्द करा, पुरावा घ्या, मग हवं तर खातं पुसा.

## 5. रद्द करा, आणि शेवटचं पान येईपर्यंत थांबा

रद्द करण्याची वाट मुद्दाम लांबवलेली असू शकते. पहिल्या बटणानंतर कारण विचारलं जातं, मग सवलत दिली जाते, मग थोडे दिवस थांबवून ठेवण्याचा पर्याय येतो, आणि शेवटी "खरंच जायचं आहे का" असा प्रश्न येतो. यात दोन जागी माणूस चुकतो.

एक म्हणजे थांबवून ठेवणं. "Pause" हे रद्द करणं नव्हे. ठरलेली मुदत संपली की वसुली स्वतःहून सुरू होते. सवलत स्वीकारण्याचंही तसंच: तुम्ही नव्याने होकार दिलेला असतो, आणि सवलतीचे महिने संपल्यावर मूळ दर लागू होतो.

दुसरी जागा बटणांच्या रंगाची. शेवटच्या पानावर ठळक रंगातलं बटण बहुधा सेवा चालू ठेवण्याचं असतं आणि रद्द करण्याचा दुवा त्याखाली साध्या अक्षरात असतो. घाईत ठळक बटण दाबून लोक खिडकी बंद करतात आणि काम झालं असं समजतात. म्हणून रंगाकडे नाही, बटणावरच्या शब्दांकडे पाहा.

काम झालं की नाही हे तीन गोष्टींवरून कळतं. खात्याच्या पानावर "Renews on" अशी तारीख होती, तिथे आता "Expires on" किंवा "Canceled" दिसायला हवं. ईमेलवर रद्द केल्याची पोच यायला हवी. आणि एकदा लॉगआउट करून परत आत गेल्यावरही तीच स्थिती दिसायला हवी. पोच अर्ध्या तासात आली नाही तर खात्याच्या पानाचा तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि ग्राहक कक्षाला एक ओळ लिहून ठेवा: या ईमेलवरचं सबस्क्रिप्शन मी आज रद्द केलं आहे, कृपया पोच द्यावी. उत्तर आलं नाही तरी तुम्ही लिहिल्याची तारीख तुमच्याकडे राहते. पुढे वाद झालाच तर हीच ओळ कामी येते.

ट्रायल घेतल्या घेतल्याच रद्द करावी का? अनेक सेवांमध्ये हा सर्वात सुरक्षित मार्ग आहे, कारण रद्द केल्यावरही मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहते. पण सगळीकडे नाही. काही सेवा, ॲपलच्या स्वतःच्या काही ट्रायलसुद्धा, रद्द करताच लगेच बंद होतात आणि पुन्हा सुरू करता येत नाहीत. पक्कं करण्याआधीच्या पानावर सेवा कधीपर्यंत मिळेल ते लिहिलेलं असतं. तिथे पुढची तारीख असेल तर बिनधास्त पुढे जा. ती नसेल, तर दोन दिवस आधीच्या आठवणीवर काम करा.

## 6. कार्ड बंद करून सुटका होईल असं धरू नका

रद्द करण्याचं बटण सापडत नाही म्हणून पुष्कळ जण कार्डच ब्लॉक करतात किंवा नवीन मागवतात. हा उपाय वाटतो तितका पक्का नाही, आणि याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

कार्डाचा नंबर किंवा मुदत बदलली की ग्राहकांच्या चालू सेवा अचानक बंद पडू नयेत, म्हणून कार्ड नेटवर्कनी एक सोय केली आहे. व्हिसाकडे तिचं नाव अकाउंट अपडेटर, मास्टरकार्डकडे ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर. तुमची बँक यात सामील असेल तर नव्या कार्डाची माहिती जुन्या टोकनला स्वतःहून जोडली जाते. तुम्ही नवं कार्ड अजून पाकिटात घातलेलंही नसतं आणि जुनी ट्रायल त्यावर वसूल होते. बऱ्याच बँकांत या सोयीतून बाहेर पडता येतं, पण त्यासाठी तसं मागावं लागतं.

दुसरं, वसुली नाकारली गेली म्हणजे मागणी संपली असं नाही. खात्यात पुरेसे पैसे नाहीत, अशा कारणाने नकार आला तर बिलिंग यंत्रणा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करते. व्हिसाच्या नियमांत अशा एका नाकारलेल्या व्यवहारासाठी 30 दिवसांत 15 प्रयत्नांची मर्यादा आहे. त्या काळात पगार जमा झाला की पैसे जातात. खातं रिकामं ठेवणं हा बचाव होत नाही.

तिसरं, तुमच्या बाजूने करार चालूच असतो. विक्रेत्याच्या नोंदीत तुम्ही रद्द केलेलं नाही, फक्त पैसे थकवले आहेत. बहुतेक सेवा काही प्रयत्नांनंतर खातं बंद करून विषय सोडून देतात, पण ज्या अटींमध्ये किमान मुदत आहे, उदाहरणार्थ वर्षाचा करार आणि दरमहा हप्ता, तिथे थकबाकीची मागणी येऊ शकते.

खर्चाची मर्यादा घालता येणारं व्हर्च्युअल कार्ड वापरणं चांगलं, पण ते दुसरं कुलूप म्हणून. मर्यादा अगदी कमी ठेवली तर वसुली नाकारली जाईल, तुमचे पैसे वाचतील, आणि वरचा तिसरा मुद्दा तरीही तसाच राहील. काही सेवा प्रीपेड कार्ड नोंदणीच्या वेळीच ओळखतात आणि स्वीकारत नाहीत.

विक्रेता रद्द करू देत नसेल तर कार्ड बंद करण्यापेक्षा बँकेला नेमकं हे सांगा: या विक्रेत्याला आपोआप वसुलीची दिलेली परवानगी मी मागे घेत आहे. बँकेकडे यासाठी वेगळी नोंद असते, आणि तिने पाठवलेला नकार विक्रेत्याच्या यंत्रणेला परवानगी रद्द झाल्याचं स्पष्ट सांगतो. "पैसे अपुरे" या नकारापेक्षा हा वेगळा असतो, त्यानंतर पुन्हा प्रयत्न करणं नियमात बसत नाही.

## 7. पैसे गेलेच, तर या क्रमाने जा

मेसेज आल्या आल्या पहिलं काम: सबस्क्रिप्शन अजून चालू असेल तर ते रद्द करा. रिफंडच्या मागे लागताना हे राहून जातं आणि पुढच्या महिन्यात दुसरी वसुली होते. दुसरं काम: त्यानंतर सेवा वापरू नका. रिफंड द्यायचा की नाही हे ठरवताना ग्राहक कक्ष वसुलीनंतरचा वापर पाहतो. पैसे कापल्यावर तुम्ही दोन तास व्हिडिओ पाहिले असतील तर तुमची बाजू लंगडी पडते.

मग विक्रेत्याला लिहा. मजकूर छोटा ठेवा: नोंदणीचा ईमेल, वसुलीची तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार अंक, आणि मागणी. कार्डाचा पूर्ण नंबर कधीही लिहू नका, कुणी मागितला तरी. पहिल्या वसुलीनंतर एक-दोन दिवसांत मागणी केली आणि वापर शून्य असेल, तर बऱ्याच कंपन्या फारशी खळखळ न करता पैसे परत देतात, अटींमध्ये रिफंड नाही असं लिहिलेलं असलं तरी. याचं व्यवहारी कारण आहे: ग्राहक बँकेकडे गेला आणि चार्जबॅक झाला, म्हणजे बँकेने व्यवहार उलटवून पैसे परत खेचले, तर विक्रेत्याला रकमेबरोबर वेगळं शुल्कही भरावं लागतं. स्टोअरमधून घेतलेली असेल तर अर्ज ॲपल किंवा गूगलच्या रिफंडच्या पानावर करा, सेवेकडे नव्हे.

स्टेटमेंटवरचं नाव ओळखीचं नसेल तर लगेच फसवणूक समजू नका. तिथे बऱ्याचदा ॲपचं नाव न येता मूळ कंपनीचं किंवा पेमेंट कंपनीचं नाव छापलं जातं. तीच रक्कम ईमेलमध्ये शोधून पाहा, पावती सापडण्याची शक्यता चांगली असते.

विक्रेत्याने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर बँकेकडे तक्रार नोंदवा. इथे प्रकार बरोबर निवडणं फार महत्त्वाचं आहे. "हा व्यवहार मी केलेला नाही" हा पर्याय निवडू नका. कार्ड तुम्हीच भरलं होतं, ओटीपी तुम्हीच दिला होता, विक्रेता त्याची नोंद दाखवेल आणि तक्रार फेटाळली जाईल. शिवाय ते विधान खोटं असेल. रद्द केल्यानंतरही वसुली झाली असेल तर "रद्द केलेली आवर्ती वसुली" हा प्रकार निवडा आणि पाचव्या पायरीतली पोच जोडा. अटी लपवल्या होत्या किंवा सांगितलेल्यापेक्षा वेगळी रक्कम कापली, अशी तक्रार असेल तर नोंदणीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. रद्द करायला विसरलात आणि अटी पानावर स्पष्ट लिहिलेल्या होत्या, अशा वेळी बँकेकडून पैसे मिळण्याची शक्यता कमी असते. तिथे विक्रेत्याला विनंती करणं हाच खरा मार्ग.

कार्ड नेटवर्कनी तक्रारीसाठी बहुतेक प्रकारांत 120 दिवसांची मुदत दिली आहे, पण तुमची बँक स्वतःची अंतर्गत मुदत त्याहून कमी ठेवू शकते. नोंद अजून "Pending" असेल तर ती पक्की होईपर्यंत बँक तक्रार घेत नाही. तो वेळ विक्रेत्याशी पत्रव्यवहार करण्यात घालवा.

तक्रार मान्य होऊन तात्पुरते पैसे जमा झाले तरी ते लगेच खर्च करू नका, विक्रेता आपली बाजू मांडेपर्यंत ती रक्कम परत जाऊ शकते. आणि पुढच्या आकारणीची जी तारीख होती, त्या दिवशी एकदा स्टेटमेंट उघडून त्या विक्रेत्याची नवी नोंद आलेली नाही ना, एवढं पाहा.